एकोणपन्नासावा हप्ता

आमच्या घरकर्जाचं वर्षभराचं व्याज नवराच संगणकावर काढायचा. मी शेजारी बसून वांगी चिरायची. ते कसं निघतं हे मी कधी विचारलं नाही, याचा आता स्वतःवरच राग येतो.

यंदा आर्वीतले कर सल्लागार म्हणाले, "ताई, भाऊ जूनचा हप्ता भरून गेले. एप्रिल ते जूनचं व्याज त्यायच्या रिटर्नमध्ये जाईल, जुलै ते मार्चचं तुमच्या. दोन आकडे आणजा."

नवऱ्याच्या जुन्या शीटमध्ये सूत्र तयार होतं: महिन्याचा व्याजदर, एकूण हप्ते, कर्जाची रक्कम, मग कुठल्या हप्त्यापासून कुठल्या हप्त्यापर्यंत. मी एप्रिल-जूनसाठी चार आणि सहा टाकले. आकडा निमूट आला. जुलै-मार्चसाठी सात आणि तीन टाकले, तर त्या मेल्या यंत्राने चूक दाखवली. तेव्हा कळलं, त्याला कॅलेंडरचे महिने नको होते. पहिल्या हप्त्यापासूनची मोजणी हवी होती.

तो गेला त्याच्या चार वर्षं आधीच्या जूनमध्ये आम्ही या घरात आलो, तो पहिला हप्ता. तिथून बोटांवर मोजत आले. एप्रिल सत्तेचाळिसावा. जून एकोणपन्नासावा. त्याच्या ओळीत शेवटचा हप्ता म्हणून एकोणपन्नास लिहिलं. माझ्या ओळीत पन्नास ते अठ्ठावन्न लिहिलं.

पडताळा म्हणून सत्तेचाळीस ते अठ्ठावन्न असं सबंध वर्षही काढलं. दोन्ही आकड्यांची बेरीज त्या आकड्याशी तंतोतंत जुळली. त्या वर्षात कुठे काही कमी झालंय, असं दिसतच नव्हतं.