दोन तासांनंतरची चव

मुलीचं लग्न ठरलं आणि जेवणाची जबाबदारी माझ्या अंगावर आली. हे पत्रिका घेऊन नांदेडला व्याह्यांकडे गेले होते. त्यामुळे केटररकडे चव बघायला आम्ही तिघं गेलो: मी, मुलगी आणि माझे थोरले दीर. भावजी रेणापूर तालुक्यात गावाकडची शेती बघतात. त्या दिवशी काही कामानं लातूरला आले होते, तर म्हटलं, चला सोबत.

केटरर बाई होत्या. आधी क्लासच्या मुलांची मेस चालवायच्या, नंतर लग्नांच्या ऑर्डरी घ्यायला लागल्या. औसा रोडला त्यांच्या घरामागेच पत्र्याचं मोठं स्वयंपाकघर होतं. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. सवयीप्रमाणे घरून तक्ता आखून नेला होता. डाव्या बाजूला पदार्थांची नावं, पुढे चव, तिखट-मीठ, रंग आणि मऊपणा, प्रत्येकाला दहापैकी गुण.

"आई, मावशींची प्रॅक्टिकल घ्यायला आलीयस का?" मुलगी म्हणाली.

बाई हसल्या. "घेऊ दे की. पोरांनी रोजच घेतली माझी परीक्षा. ताट सरकवून उठून जायची."

साडेबाराला ताटं आली. पनीरची भाजी, भरली वांगी, वरण, भात, पुऱ्या, जिलबी. मुलीनं पनीरला नऊ दिले, जिलबीलाही नऊ. मी पनीरला आठ दिले. वांग्यांचा मसाला मला वेगळा लागला, वांगं वेगळं, दोघांचं अजून जमलेलं नव्हतं. सहा दिले. मुलीनं तर पाचच. भावजींनी सगळं शांतपणे खाल्लं आणि कागदावर एकही आकडा न लिहिता पेन खाली ठेवलं.

"भावजी, गुण द्या ना."

"देतो की. आधी सांगा, मुहूर्त कितीचा हाय?"

"बारा पस्तीसचा."

"म्हंजे एकला लागतंय लग्न. मग फोटो. पहिली पंगत दीडला. आन् नवरा-नवरी, तुम्ही, व्याही कधी जेवनार? साडेतीनला. मंग हे साडेतीनला कसं लागतंय, ते बघाय नको का? आता ताजं ताजं सगळंच लई ग्वाड लागतंय."

मी रोज पोरांना सांगते की जे ज्या परिस्थितीत वापरायचं ते त्याच परिस्थितीत तपासून बघावं. इथं माझ्याच तक्त्यात वेळेचा रकानाच नव्हता.

बाईंना राग येईल असं मला वाटलं. पण त्यांनी पदराला हात पुसले आणि उठल्या. "इतक्या वर्षांत हे कुनी इचारलं न्हाई बघा. थांबता का दोन तास? लग्नात ठेवते तसंच ठेवते." उरलेलं सगळं त्यांनी झाकणाच्या गरम भांड्यांत भरलं, खाली पाणी तापत ठेवलं. पुऱ्या टोपलीत, कापड टाकून. जिलबी परातीत.

दोन तास काय करायचं? मग प्रमाणाचा विषय निघाला. पत्रिका किती वाटल्या यावर माणसं मोजायची असं मला वाटायचं. बाईंनी पत्रिकांचा आकडा विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, गावाकडची माणसं किती, नांदेडहून बस किती येणार, त्या दिवशी लातुरात मोठी तिथी आहे का, म्हणजे लोक दोन-दोन लग्नं करत फिरणार का.

"गावाकडची निम्मी," भावजी म्हणाले.

"मग भात वाढवावा लागतो. शहरातल्या सहाशे माणसांना चाळीस किलो तांदूळ पुरतो. तुमच्यात पंचावन्न धरते. तुरीची डाळ पंचवीस किलो. जिलबी पन्नास."

"आणि पनीर?" मुलीनं विचारलं.

"पस्तीस किलो. वांगी सोबत हाय म्हणून इतकं. एकच भाजी असती तर पंचेचाळीस लागलं असतं."

मी लिहून घेत होते. एकाच माणसाचं पोट शेजारच्या वाटीत काय आहे त्यावरून बदलतं, हे मला नवीन होतं. साडेपाचशे ताटांची हमी आम्ही द्यायची आणि वर पन्नासांची तयारी त्यांनी ठेवायची, असं ठरलं.

"पन्नासांच्या वर आले तर?" मी विचारलं.

"भात-वरण अर्ध्या तासात वाढवता येतंय. वांगी न्हाई येत. ती आधीच भरलेली लागतात."

बाई आत गेल्यावर मी भावजींना विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?"

ते थोडे लाजले. "गावात कुनाचंबी लगीन असलं की मी वाढायला असतो. वाढनाऱ्याला शेवटचंच मिळतंय. तुमच्या लग्नात मी पाच वाजता जेवलो. पुरी अशी ताणून तोडावी लागली."

पंचवीस वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या लग्नात मी काय जेवले तेही मला आठवेना.

अडीच वाजून गेल्यावर बाईंनी पुन्हा ताटं वाढली. मी तक्त्याला नवा रकाना जोडला होता. पनीरचा रस्सा आटून घट्ट झाला होता, वर तेलाचा थर, आणि तुकडे दाताखाली रबरासारखे. मुलीनं नवाचे पाच केले. जिलबी मऊ पडली होती, पाक होता पण कुरकुरीतपणा गेला होता. पुऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. आणि वांगी! मसाला आता आतपर्यंत मुरला होता, शेंगदाण्याच्या कुटाला गोडसर चव आली होती. मी नऊ दिले. भावजींनी आता पेन उचललं आणि वांग्यांपुढे दहा लिहिले.

मुलगी मात्र हिरमुसली. "पण पनीर पाहिजेच. त्यांच्या ऑफिसचे लोक येणार आहेत." त्यांच्या म्हणजे होणाऱ्या नवऱ्याच्या.

"पाहिजे तर ठेव की," भावजी म्हणाले. "फकत बाईला इचार, दोनदा करता येतंय का."

बाईंनी विचार केला. "रस्सा सकाळीच करून ठेवते. पनीर निम्मं एकला सोडते, निम्मं अडीचला. पुऱ्या तर सारख्या तळतच राहू. जिलबीचं मात्र सांगते, समोर तळायची म्हटलं की रांग लागती. एक कारागीर तासाला किती काढनार?"

मुलीनं वाटीतली मऊ पडलेली जिलबी एकदा बोटानं दाबून पाहिली. "मग बालुशाही," ती म्हणाली. "ती आदल्या दिवशी केली तरी चालते ना?" बाईंनी मान हलवली. मी जिलबीवर काट मारली.

लग्न लागायला चाळीस मिनिटं उशीर झाला. आम्ही पावणेचारला जेवायला बसलो. पनीर मऊ होतं. विहीणबाईंनी वांगी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि मसाल्यात काय काय घातलंय ते मला विचारलं. त्या दोन तासांत बाईंकडून ऐकलं होतं, त्यामुळे मला खसखशीपर्यंत सांगता आलं.

चुकलं ते मठ्ठ्याचं. त्याला आम्ही ना गुण दिले होते ना त्याचं प्रमाण विचारलं होतं. ऊन रणरणत होतं, लोक तीन-तीन ग्लास प्यायले आणि अडीचलाच पिंप रिकामं झालं. मी धावत मांडवामागे गेले. बाईंनी डेअरीतून दही आधीच मागवलं होतं. दोघी जणी मोठ्या पातेल्यात ते घुसळत होत्या आणि बाई वरून बर्फाचं पाणी ओतत होत्या.

"किती दह्याला किती पाणी?" मी विचारलं.

"किलोला दोन लिटर," त्या म्हणाल्या, "आन् थोडं मीठ ज्यादा. घामाचे दिवस हायत ना." मग त्यांनी माझ्या हातात पळी दिली. मी चाखून बघितलं. आलं थोडं कमी होतं. तसं मी त्यांना सांगितलं.