पंचेचाळीस दिवसांचं पाणी

आमच्या जिल्ह्यात पावसाची तक्रार केली तर लोक हसतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, आणि मार्च लागला की सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, आमच्या शाळेत हात धुवायला पाणी नसतं. जांभ्या दगडाचं असंच आहे. पाणी पितो आणि खाली सोडून देतो. शाळेची विहीर दिवाळीला तुडुंब असते, शिमग्याला तिच्यात बेडूक उघडा पडतो.

मी त्या शाळेची मुख्याध्यापिका. विहीर आटली की आधी मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लागायचं. ते कुलूप मीच लावायचे. मग सहावी-सातवीच्या मुली जेवणाच्या सुट्टीत घरी जायच्या आणि परत यायच्या नाहीत. मार्च-एप्रिलमधल्या त्यांच्या सगळ्या दुपारी अशा गेल्या. पालकांना याचं काही वाटायचं नाही, मला मात्र दरवर्षी राग यायचा आणि त्या रागाचं काय करायचं ते कळायचं नाही.

मग गावातून मुंबईला गेलेल्यांच्या मंडळानं शाळेला पावसाच्या पाण्याची टाकी देऊ केली. शहरातून एक इंजिनीअर बाई आल्या. तरुण, कमी बोलणाऱ्या. छपरावर चढतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी खाली जमिनीवरच टेप धरला, एका पागोळीपासून दुसऱ्या पागोळीपर्यंत. छप्पर उतरतं असलं तरी पाऊस वरून सरळच पडतो, म्हणून उताराची लांबी धरायची नाही, असं त्यांनी सांगितलं. दोनशे चौरस मीटर भरलं. पाऊस आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण एखादं वर्ष हात आखडतं म्हणून त्यांनी हिशेबाला तीन हजारच घेतला. उडून, सांडून, पहिल्या सरींत छप्पर धुऊन जाणारं वजा केलं तरी पावसाळ्याला चार लाख ऐंशी हजार लिटर.

मंडळाचे अध्यक्ष फोनवर हरखले. "बाई, आता शाळेत तरण तलाव करा."

इंजिनीअर बाई हसल्या नाहीत. छपरावर किती पडतं याला अर्थ नाही, म्हणाल्या, पावसाळ्यात कोणाला हवंय ते? कोरड्या दिवसांत किती लागतं ते सांगा. मग आम्ही हजेरीपत्रक घेऊन बसलो. मुलं, शिक्षक, खिचडीची भांडी, स्वच्छतागृह धरून दिवसाला आठशे लिटर. विहीर आटल्यापासून शाळेला सुट्टी लागेपर्यंत कामाचे पंचेचाळीस दिवस. छत्तीस हजार लिटर. तळाचं गाळाचं पाणी नळाला येत नाही, ते सोडून आणि थोडं राखीव धरून पन्नास हजारांची टाकी. कातळ खणणं परवडणारं नव्हतं, म्हणून टाकी जमिनीवर. ती जूनमध्येच भरेल आणि पुढचं सगळं वाहून जाईल, म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपाहून बारीक नको, तोंडाला जाळी, आणि पाणी खालच्या घरांवर न सोडता विहिरीच्या वरच्या चरात. शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ: विहिरीला पाणी असेपर्यंत टाकीचा नळ उघडू नये.

चार पानांची ती टिपणी मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली. तिच्यात कुठेही चूक नव्हती. आजही नाही.

टाकी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भरली. मग सप्टेंबरपर्यंत पाइप वाहत राहिला. मी नळाला कुलूप घातलं आणि चावी पर्समध्ये ठेवली. गावात माझी थट्टा व्हायची, बाई पाण्याच्या राखणीला बसल्यात म्हणून. बसले होतेच. खिचडी शिजवणाऱ्या मावशींची मुलगी तेव्हा सातवीत होती, गणितात पोरगी नंबर एक. तिला मी सांगून ठेवलं होतं, यंदा तुला दुपारी घरी जायचं नाही. तिनं आपल्या हातानं त्या स्वच्छतागृहाच्या दारावर फुलं रंगवली होती.

मार्चच्या सुरुवातीला विहीर तळाला गेली. मी नळाचं कुलूप काढलं, आणि चार-पाच दिवस शाळा संध्याकाळपर्यंत भरली. सगळ्या मुलींसकट. मला फार आनंद झाला होता, तो लपवत नाही.

मग शिमगा आला. पालखी बसते ती सहाण, म्हणजे देवाचा दगडी चौथरा, शाळेच्या आवाराला लागूनच आहे. मुंबईकर घरोघर मावत नाहीत, म्हणून दरवर्षी शाळेचे वर्ग त्यांना झोपायला देतात. इतकी वर्षं ते पाण्याचा टँकर मागवायचे. यंदा मागवला नव्हता. का मागवतील? त्यांचीच टाकी होती.

गावचे मानकरी, सत्तरी ओलांडलेले, स्वतः आले. चपला बाहेर काढून ऑफिसात बसले.

"बाई, चावी देवा. देवाचं काम हाय."

मी टिपणी काढून दाखवली. पंचेचाळीस दिवस, आठशे लिटर. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं.

"तुमचा हिशेब खरा हाय, मी न्हाय कुठं म्हणतंय? पन लोक रातभर पालखी नाचवनार, तेंना आंघोळीला पानी नको? ज्यांनी टाकी दिली तेंनाच नाय म्हनायचं?"

देवाला नाही म्हणता येत नाही, देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि त्या म्हाताऱ्याच्या मनात पाप नव्हतं. मी म्हटलं, जपून वापरायला सांगा. ते म्हणाले, सांगतंय. त्यांनी खरंच सांगितलं, मी ऐकलं. पण चारशे माणसं पाच दिवस राहिली. आंघोळी, महाप्रसादाची पातेली, धूळ बसावी म्हणून अंगणात मारलेलं पाणी. माणशी दिवसाला पंचवीस बादल्या नव्हे, पंचवीस लिटर धरा, जरासुद्धा उधळपट्टी नाही. गुणाकार पन्नास हजार येतो, टाकीत तेवढं उरलंही नव्हतं. एक बाई मला कौतुकानं म्हणाली, "काय गोड पाणी आहे हो तुमचं." मीही हसून मान हलवली.

पालखी गेली, गाड्या गेल्या. टाकीवर टिचकी मारली तर वरपासून खालपर्यंत एकच पोकळ आवाज. मानकऱ्यांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. आपल्या घरच्या विहिरीवरून न्या म्हणाले. ती विहीर खालच्या वाडीत, चढ असा की कळशी घेऊन प्रौढ माणसाला धाप लागते. दोन कळशा खिचडीपुरत्या येऊ लागल्या. अध्यक्षांचा फोन आला, पुढच्या वर्षी दुसरी टाकी देऊ. मी आभार मानले. दुसरीही जूनमध्येच भरेल, छपराला काय कमी आहे? पण टँकरचा विषय मी काढला तेव्हा ते म्हणाले, "आता कशाला, टाक्या आहेत ना."

इंजिनीअर बाईंनाही मी फोन केला. त्यांनी माणसं किती, दिवस किती ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "पाहुणे मी धरलेच नव्हते." मी म्हटलं, धरले असते तरी चावी माझ्याकडेच होती.

दुसऱ्या दिवशी स्वच्छतागृहाला कुलूप लावायला मी गेले तेव्हा मावशी भांडी राखेनं घासत होत्या. "बाईनू, तुमी तरी काय करनार?" म्हणाल्या. त्यांना माझी समजूत घालायची होती. मला रडू आलं, म्हणून मी आत गेले.

जेवणाच्या सुट्टीत मोठ्या मुलींनी दप्तरं उचलली. जाता जाता मावशींच्या मुलीनं नळ सोडून पाहिला, आणि मी शिकवलं होतं तसा घट्ट बंद केला.

दुपारी सातवीला घनफळाचा धडा होता. वर्गात तीन मुलगे बसले होते. मी फळा पुसला आणि त्या तिघांना तो शिकवला.