आत्यानं आणलेली मऊ गादी

आमच्या खुटबावात बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आन् आत्यानं आणलेली वस्तू वापरली न्हाई, तर तिचा अपमान. माझ्या थोरल्या नणंदबाईंनी शिरूरच्या दुकानातून अख्खा सेटच आणला: फुगीर काठाची मऊ गादी, तिला म्हणे नेस्ट, पाळण्याच्या गजांना बांधायच्या जाड पट्ट्या, आन् बाळ वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोड. सासूबाईंनी वर मोहरीची उशी शिवली, डोकं गोल व्हायला. एवढ्याशा जिवाभोवती केवढा तो कापूस!

लसीसाठी दौंडला गेले तेव्हा नर्सताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "यातलं काहीच नको. बाळ उताणं निजवा, घट्ट सपाट गादीवर, भोवती मोकळं. मऊ काठात नाक रुतलं तर त्याला सुटता येत नाही, श्वास कोंडतो. डोक्याची काळजी असेल तर जागेपणी, तुमच्या समोर, पोटावर खेळवा."

घरी येऊन सगळं काढून टाकलं. सासूबाई फणकारल्या, "आत्या आली तर काय सांगू? आमची पोरं काय मेली व्हय?" माझ्या मनात आलं, जगली ती सांगायला उरतात, जी गेली त्यांचं कोण बोलतं?

एके दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले, तर गादी परत पाळण्यात. पोरगा कलंडलेला, नाक फुगीर काठात घुसलेलं, आन् पाठीमागून लोड अडवून बसलेला. उचलला तर घामानं डबडबलेला, आवाज न्हाई. मग एकदाचा रडला. तसाच डॉक्टरांकडं नेला, ते ठीक आहे म्हणाले. सासूबाई रडत होत्या, "आत्या यायची होती गं, म्हणून ठेवली."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. गादी आली त्या खोक्यावर गुलाबी अक्षरात छापलेलं, सुरक्षित झोप! छापणाऱ्याच्या घरात लेकरू न्हाई का?

संध्याकाळी नणंदबाई आल्या. मोकळा पाळणा बघून तोंड वाकडं. "माझ्या हातचं एवढं जड झालं व्हय तुला?"

मी गादी त्यांच्यापुढं आपटली. "वन्सं, त्या काठात तोंड घाला आन् घ्या श्वास."

त्याही हट्टी. घातलं तोंड. मी त्यांच्या डोक्यामागं फक्त तळहात टेकवला, लोडासारखा. लगेच हात झटकून त्या उठल्या. "अगं, जीव घुसमटला की!"

"तुम्ही माझा हात झटकलात. त्यानं लोड कसा झटकायचा?"

त्यांनी तसाच पिशवीतला फोन काढला आन् कवठे येमाईला आपल्या बाळंतीण लेकीला लावला. "अगं, मी दिलेल्या गादीत निजवलंय का नातीला? बोलू नगंस. आधी उचल."