बोलण्यात क

आम्ही दोघी पौडच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो आणि गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी, मागच्या बाजूच्या खोलीत राहत होतो. साठ साल उलटून काही वर्षं झाली होती. मी मूळची पुण्याची, सदाशिव पेठेतली. ती खडकीची. तिचे वडील लष्करी दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे तिचं लहानपण छावणीच्या चाळीत, गोवेकर, मद्राशी आणि अँग्लो-इंडियन मुलांबरोबर विटीदांडी खेळण्यात गेलं. इंग्रजी तिला तिथंच येऊन चिकटलं. मी मात्र ते कमावलं होतं. मॅट्रिकला आणि पुढे कॉलेजातही इंग्रजीत पहिली आले होते, माझे निबंध वर्गात वाचून दाखवले जात, आणि स्पेलिंगची चूक माझ्या हातून झालेली मला आठवत नाही. ती 'रिसीव्ह' लिहिताना दर वेळी अडायची आणि मला विचारायची.

त्या वर्षी शास्त्राच्या शिक्षकांना वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्याची एक योजना निघाली. आमची दोघींचीही नावं वरून मंजूर होऊन आली. अट एकच होती. तिथल्या शाळांमध्ये जाऊन प्रत्यक्ष पाठ घ्यायचे असल्यामुळे इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणार होती. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं अशा चारही बाबींना वेगवेगळी श्रेणी मिळायची, अ पासून ड पर्यंत. बोलण्यात आणि लिहिण्यात किमान ब हवा. एका बाबीतला अ दुसरीतला क भरून काढत नसे.

मला परीक्षेची भीती नव्हती. मला काळजी तिचीच वाटायची, आणि ती मी तिला बोलूनही दाखवायचे. "अगं, निबंधाचा थोडा सराव कर," मी म्हणायचे. ती तांदूळ निवडत म्हणायची, "करते गं, आधी हा भात होऊ दे."

मी 'आधुनिक जीवनात विज्ञानाचे स्थान' या विषयावर एक लांबलचक निबंध तयार केला होता. सुरुवात आणि शेवट तर मला झोपेतही म्हणता आले असते. बोलण्यासाठीही स्वतःची ओळख, माझं गाव, माझे छंद असे तीन-चार परिच्छेद पाठ करून ठेवले होते.

परीक्षा पुण्याला, कॅम्पातल्या एका कचेरीत होती. सकाळची एसटी बावधनच्या अलीकडच्या चढावर तापून थांबली. ड्रायव्हर ओढ्याचं पाणी आणून इंजिनात घालेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. मी मनात उजळणी करत होते आणि ही बया एका धनगर बाईशी तिच्या आजारी मेंढीबद्दल बोलत होती.

ऐकणं-वाचणं आधी उरकलं, मग लेखन झालं. पहिलं एक पत्र होतं. नव्या शहरात राहण्याची सोय विचारण्यासाठी घरमालकिणीला लिहायचं. दुसरा निबंध, 'शाळेत मुलांना प्रयोग स्वतः करू द्यावेत की शिक्षकाने करून दाखवावेत?' मला आनंदच झाला. विषय विज्ञानाचा होता. माझी तयार सुरुवात मी तशीच उतरवली. मानवजातीची वाटचाल, अज्ञानाचा अंधार, सगळं आलं. शेवटच्या दहा ओळींत मुलं आणि प्रयोग आणले आणि पाठ केलेला शेवट जोडला. ती शेजारच्या बाकावर खोडत होती, परत लिहीत होती. तिच्या कागदाकडे पाहून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

दुपारी बोलण्याची पाळी आली. आत एक इंग्रज बाई होत्या, पांढरे केस, शांत आवाज. आधी एक उतारा मोठ्यानं वाचायला दिला. तो मी सुरेख वाचला. मग म्हणाल्या, "तुमच्याबद्दल सांगा." मी पहिला परिच्छेद सुरू केला. चौथ्या वाक्याला त्यांनी हसून थांबवलं. "आज सकाळी इथवर कशा आलात?"

हे मी तयार केलं नव्हतं. "बसनं," मी म्हणाले.

"प्रवास कसा झाला?"

"समाधानकारक."

त्या थांबल्या. मीही थांबले. मग त्यांनी बाजाराचं एक चित्र पुढे केलं आणि काय दिसतं ते सांगायला सांगितलं. मी सांगितलं. माणसं, भाज्या, तराजू. तराजूला इंग्रजीत काय म्हणतात ते मला नक्की ठाऊक होतं आणि तो शब्द मी स्पष्ट उच्चारला. प्रत्येक वाक्य मनात पुरं जुळल्याशिवाय मी तोंड उघडत नव्हते. त्यामुळे मध्ये मध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायचा. चूक एकही झाली नाही.

माझ्यानंतर ती आत गेली. थोड्याच वेळात दाराआडून हसणं ऐकू आलं. आधी तिचं, मग त्या बाईंचं. बाहेरच्या बाकावर बसून मी ते ऐकत होते.

परतीच्या एसटीत तिनं सगळं सांगितलं. "मला तराजूचा शब्दच आठवेना गं. मग म्हटलं, ते काठीला टांगलेल्या दोन ताटल्यांचं, वजन करायचं. बाई म्हणाल्या, कळलं कळलं. मग विचारलं, सकाळी कशा आलात, तर एसटीची सगळी कथा सांगितली. मध्येच चुकले, 'द बस वॉज बॉइल' म्हणाले, मग लगेच 'बॉइलिंग' केलं. मग त्यांनीच विचारलं, त्या मेंढीचं पुढे काय झालं?"

"मला शब्द येत होता," मी म्हणाले.

"कुठला?"

"तराजूचा."

"हो का? मग छानच झालं असेल तुझं," ती म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. मला पौडपर्यंत झोप लागली नाही.

निकाल हेडमास्तरांनी आम्हा दोघींना बोलावून वाचून दाखवला. तिला ऐकण्यात अ, वाचण्यात ब, लिहिण्यात ब, बोलण्यात अ. मला ऐकण्यात अ, वाचण्यात अ, लिहिण्यात क, बोलण्यात क. मला सहा महिन्यांनी पुन्हा बसता येणार होतं. तिचं जाणं पक्कं झालं.

शाळेत तिला हार घातला. घरमालकीणबाईंनी पुरणपोळी केली आणि मला म्हणाल्या, "तुमी का वो बाई खात न्हाई? तुमाला न्हाई घेतलं व्हय?" तिच्या पुढ्यात बसून मी पोळी खाल्ली. ती बोटं चाटत होती. माझ्यापेक्षा चार पुस्तकं कमी वाचलेली, स्पेलिंग मला विचारणारी ही मुलगी, आणि लिहिण्यातसुद्धा ब! बोलण्याचं एक वेळ समजू शकले असते.

त्या रविवारी मी पुण्याला माझ्या जुन्या प्राध्यापकांकडे गेले. असल्या परीक्षांचे निबंध ते तपासत असत. माझा तपासला नव्हता, पण मी काय लिहिलं ते ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"तुम्हाला विचारलं काय होतं?"

"प्रयोग कुणी करावेत."

"आणि तुम्ही किती ओळींत त्याचं उत्तर दिलं?"

"शेवटच्या दहा."

ते म्हणाले, "आम्ही चुका मोजून गुण कापत नाही. दोघं जण वेगवेगळे वाचतात. एकाची श्रेणी दुसऱ्याला दाखवत नाहीत, आणि फार फरक पडला तर तिसऱ्याकडे जातं. प्रत्येक श्रेणीत काय अपेक्षित आहे त्याचं वर्णन समोर असतं. विचारलं त्याचं उत्तर आहे का, मुद्द्यातून मुद्दा निघतो का, शब्द नेमके आहेत का, वाक्यरचना पेलली आहे का, ते बघतात. पाठ केलेला मजकूर लगेच ओळखू येतो. एक परिच्छेद रेशमी आणि पुढचा गोणपाटाचा. त्या रेशमावरून तुमचं इंग्रजी ठरवता येत नाही. मग उरतो गोणपाट."

"आणि बोलणं? मी एकही चूक केली नाही."

"किती वाक्यं बोललात?"

"मोजकीच. पण सगळी बरोबर."

"दहा शब्द निर्दोष बोललात, तर आम्हाला दहाच शब्द कळले. चुका बघतातच, पण बोलणं चालू राहतं का, अडलं तर माणूस वाट काढतो का, उच्चार समोरच्याला ताण न देता कळतो का, हेही बघतात. शब्द आठवला नाही तर वर्णन करून सांगणं हा दोष नाही, ते कौशल्यच आहे."

काठीला टांगलेल्या दोन ताटल्या! मला प्राध्यापकांचाही राग आला.

तिला निघायला दोन महिने होते. तिनं आपणहून ठरवलं की रोज संध्याकाळी स्वयंपाक करताना आम्ही इंग्रजीतच बोलायचं. मला ते उपकारासारखं लागायचं. ती विचारायची, "कांदा कसा चिरतेस?" मी वाक्य जुळवेपर्यंत फोडणी करपायची. "बोल ना, चुकलं तर चुकू दे," ती म्हणायची, आणि तिच्या त्या सहजपणाची मला चीड यायची.

एके संध्याकाळी ती तिच्या नव्या गरम कपड्यांची गोष्ट सांगत होती. सांगता सांगता म्हणाली, "तिकडे थंडी फार असते म्हणे, तुला कळेलच पुढच्या वर्षी." ते 'पुढच्या वर्षी' ऐकून माझा तोल गेला. मी इंग्रजीतच सुरू झाले. तुला काय कळतंय, मी बारा वर्षं रॉकेलच्या दिव्याखाली शब्दकोश उलटले, तू छावणीत विटीदांडी खेळलीस आणि तुला अ मिळाला. तू हसलीस म्हणून बाई हसल्या. तू इथून गेल्यावर या खोलीत मी एकटी राहणार आणि प्रत्येक जण मला तुझी खुशाली विचारणार. तुझं नावसुद्धा मला ऐकायला नको. काळ चुकले, 'द' आणि 'अ' गळले, एका ठिकाणी शब्द सुचला नाही म्हणून भांड्याकडे बोट दाखवलं, पण थांबले नाही.

घरमालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं वो? भांडताय व्हय दोघी?"

"न्हाई मावशी, अभ्यास चाललाय," ती म्हणाली. त्या गेल्यावर ती माझ्याकडे वळली. चेहरा उतरला होता. "मला माहीत नव्हतं तुला इतकं वाटतं ते." मग ते भांडं उतरवत म्हणाली, "पण हे क नव्हतं हं. हे बोलणं क नव्हतं."

मी रडले आणि हसलेही. मत्सर मात्र गेला नाही. तिनं समजून घेतलं, याचाही वाटला.

ती गेली. दुसऱ्या खेपेला परीक्षेला एक तरुण इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी धरणाबद्दल विचारलं. मी मुळशीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांबद्दल बोलू लागले. 'बुडीत'ला इंग्रजी शब्द सुचेना तिथं अडखळले, वळसा घेऊन पुढे गेले. निबंधात पहिल्याच ओळीत माझं मत मांडलं आणि वर्गातली उदाहरणं दिली. दोन्हीकडे ब मिळाला. अ नाही. हेडमास्तर अभिनंदन करत होते तेव्हा माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

मी निघायच्या आठवड्यात ती परत आली. गोरी दिसत होती, केस कापले होते, आणि वर्गात मुली तिच्याभोवती गराडा घालून बसल्या होत्या. तिनं आपला लोकरी कोट माझ्यासाठी आणला होता. घालून बघितला तर बाह्या मला आखूड होत्या. मला तो घ्यायचा नव्हता. पण नवा शिवून घ्यायला वेळ नव्हता आणि थंडीबद्दल तिनं जे सांगितलं ते खोटं नसणार, हे मला ठाऊक होतं. मी तो पिशवीत कोंबला आणि तिला म्हणाले, "रंग तुला शोभत नव्हताच."

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच देतेय."