खात्रीसाठी कुणाला विचारावं

ताईंनी तिचा मेल वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हा मेल आहे की तुझं आत्मचरित्र?"

ती ओशाळून हसली. श्रवणयंत्रांच्या त्या दवाखान्यात ती नऊ वर्षं होती. कानाचं माप घेणं, यंत्र बसवणं, आवाज कमीजास्त करून देणं हे सगळं तिला ताईंनीच हाताला धरून शिकवलं. दुपारचा डबाही दोघी एकाच टेबलावर खायच्या. तेव्हा श्रवणतज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत भाषण द्यायचं मनात आलं, तर आधी दाखवणार कुणाला?

विषय मात्र तिचा स्वतःचा होता. हौसेनं घेतलेली यंत्रं लोक महिन्याभरात ड्रॉवरमध्ये का टाकतात? वर्षभर तिनं यंत्र नेलेल्यांना फोन करून विचारलं होतं. कुणाला स्वतःचाच आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटायचा, कुणाला भांड्यांचा खणखणाट सोसवत नव्हता. पंधरवड्यात परत बोलावून यंत्र नीट जुळवून दिलं, की बहुतेकांचा कान निवायचा.

"हे बघ, संयोजकाकडे असले मेल ढिगानं येतात," ताई म्हणाल्या. "तुझी पदवी, तुझी कृतज्ञता, सगळं उडव. पहिल्या ओळीत विषय. मग ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडणार ते. मग हे तुला कुठून कळलं. किती मिनिटं. संपलं."

छाटलेला मेल घरी नवऱ्यानं वाचला. "एवढ्यात आटपलं? तू मला होकार द्यायला याहून जास्त वेळ खाल्लास."

"तो विषयच तसा डळमळीत होता," ती म्हणाली.

मेल असा झाला होता:

"यंत्र घेतलेले लोक ते वापरणं का सोडतात, यावर वीस मिनिटं बोलू इच्छिते. आमच्याकडून यंत्र नेलेल्या एकशेवीस जणांशी मी महिन्याभरानं बोलले. कुणाची ओळख न देता त्यांची कारणं सांगेन, आणि कोणत्याही लहान दवाखान्याला जमेल अशी दुसऱ्या भेटीची पद्धत दाखवेन. नऊ वर्षं हेच काम करते. मोठ्या परिषदेत बोललेले नाही."

शेवटचं वाक्य ताईंना खटकलं नाही. "राहू दे, खरेपणा दिसतो. फक्त खाली खात्रीसाठी कुणाचं तरी नाव हवं. माझं टाक. मी तीनदा बोललेय तिथं, मला ओळखतात."

तिनं भरल्या मनानं ताईंचं नाव आणि नंबर टाकला.

तीन आठवडे गेले. कार्यक्रम जाहीर झाला. तिचा विषय होता, शब्दही तिचेच. वक्त्याच्या जागी ताईंचं नाव होतं.

चूक झाली असेल, असं म्हणत तिनं संयोजकांना फोन लावला. गृहस्थ मोकळे होते. "विषय आम्हाला फारच आवडला हो. पण नवीन वक्ता असला की आम्ही विचारून घेतो. तुम्हीच नाव दिलं होतंत. त्या म्हणाल्या, कामाला सोनं आहे, पण तिला चार माणसांसमोर घाम फुटतो, तिनंच मला बोलायला सांगितलंय. तुम्हीच सांगितलंत ना?"

"नाही," ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही."

पलीकडचा आवाज उतरला. "अरेरे. आता छापून गेलंय. सहवक्त्या म्हणून तुमचं नाव खाली घालू का?"

"नको."

दुपारी ताईंनी नेहमीसारखा डबा उघडला, झाकणात तिच्यासाठी भाजी काढून ठेवली.

"तुला सांगणारच होते," त्या म्हणाल्या. "अगं, विषय पुढे गेला हे महत्त्वाचं. दवाखान्याचं नाव होईल. तुझा आवाज कापतो, मी बघितलंय ना!"

"माझाच कापणार होता, ताई. तुमचं काय जात होतं?"

"लगेच डोक्यात राख घालू नकोस. बरं, ते फोनवर विचारून लिहिलेलं सगळं मला दे. तुझे आभार मानीन मी शेवटी, मोठ्यानं."

हीच बाई. पहिल्यांदा यंत्र बसवताना तिचे हात थरथरले, तेव्हा पेशंटला कळू नये म्हणून मागून तिचं मनगट धरून उभी राहिलेली. शिव्या द्यायला तोंड उघडावं तर आधी तेच आठवत होतं.

"देणार नाही," ती म्हणाली. झाकण तसंच ताईंकडे सरकवून ती डबा घेऊन उठली.

संध्याकाळी तिनं व्यवसायाच्या मासिकाच्या संपादकांना लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत विषय. मग वाचणाऱ्याच्या पदरात काय पडणार. मग हे कुठून कळलं. किती शब्द. ताईंनी शिकवलेलं, त्याच क्रमानं. दुसरं काही येतच नव्हतं तिला. लेखाचा पहिला परिच्छेद सोबत जोडला, म्हणजे लिहिता येतं का हे संपादकांना स्वतःच बघता येईल.

खात्रीच्या ओळीशी बोटं अडली. नवरा मागून म्हणाला, "कुणाचं घालतेस?"

"कुणाचंच नाही," ती म्हणाली. आणि स्वतःचा फोन नंबर टाकून मेल पाठवून दिला.