खांद्याचं दुखणं

मन्सूर दुपारचा घरी आला तेव्हाच आबिदाच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस भर दुपारी कधी घरी आला नव्हता. दाभोळहून हेल्पर म्हणून तो आखातात, दोहा शहरात आला आणि खोकी उचलता उचलता गोदामाचा इनचार्ज झाला. हाताखाली माणसं असूनही ट्रॉली स्वतःच ओढायचा. दुखलं-खुपलं सांगणं त्याच्या रक्तात नव्हतं. एकदा बोट फाटलं तेही आबिदाला शर्टाच्या डागावरून कळलं होतं.

"खांदा धरलाय," तो सोफ्यावर टेकत म्हणाला. "जरा बाम लाव."

तिनं डाव्या खांद्याला बाम चोळला. खांद्यावर ना सूज, ना वळ. हात तर तो सहज वर नेत होता.

"आपटलात का कुठं?"

"खांद्याला काही नाही लागलं. सकाळी ट्रॉलीचा दांडा फिरला नि बरगडीत बसला. तेवढंच."

तिनं शर्ट वर केला. डाव्या बाजूला, खालच्या बरगड्यांवर, तळहाताएवढा निळसर डाग होता. बोट लावताच तो कळवळला.

"दवाखान्यात जाऊया."

"खलास झालं ते. पनाडॉलची गोळी घेतलीय. पडतो थोडा."

तो आडवा झाला आणि पुढच्याच क्षणी दातावर दात दाबत उठून बसला. झोपलं की खांद्याच्या टोकाला सुरी खुपसल्यासारखं होत होतं. बसलं की जरा कमी. एसी चालू होता, तरी कपाळावर घाम होता, आणि आबिदानं तो पुसला तर गार लागला. बाहेर अल अझीझियाचा रस्ता उन्हात ओस पडला होता. तिला एकाएकी फार एकटं वाटलं.

वरच्या मजल्यावर वसईची लिडिया राहायची, इमर्जन्सीत नर्स होती. नाइट ड्युटी करून झोपली असेल, तिला उठवायचं कसं, या विचारात आबिदा जिन्यात क्षणभर थांबली. मग तिनं बेल दाबली ती दाबलीच.

लिडिया गाउनवरच खाली आली. आधी तिनं मन्सूरचं मनगट धरलं आणि तिच्या चेहऱ्यावरची झोप उडाली.

"मन्सूरभाई, खांदा दाबल्यावर दुखतो?"

"नाही."

"आणि इथं?" तिनं पोटाच्या डाव्या बाजूला, बरगडीखाली हलकेच बोटं टेकवली. त्याचं पोट लाकडासारखं ताठ झालं.

आबिदा पाण्याचा ग्लास घेऊन आली होती. लिडियानं तो तिच्या हातून काढून घेतला. "पाणीसुद्धा नको. कदाचित ऑपरेशन लागेल." मग तिनं अँब्युलन्ससाठी 999 लावला आणि इंग्रजीत भराभर बोलली. त्यातलं 'स्प्लीन' एवढंच आबिदाला कळलं.

"खांद्याला काय झालंय ते तरी सांग गं!"

"खांद्याला काहीच नाही, आबिदा. बरगडीमागे स्प्लीन, म्हणजे प्लीहा असते, ती फाटली असावी. आत रक्त साचलं की ते वर श्वासाच्या पडद्याला लागतं. त्या पडद्याची नि खांद्याची नस एकच, म्हणून खांदा दुखतो. आडवं झालं की रक्त वर सरकतं."

मन्सूर हसायला गेला. "अगं, सकाळपास्नं कामच करतोय मी..."

वाक्य अर्धंच राहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. लिडियानं त्याला जमिनीवर आडवं केलं. तो खांदा धरून ओरडला, तरी तिनं उठू दिलं नाही. "आता खांद्यापेक्षा मेंदूला रक्त पोचणं महत्त्वाचं," ती म्हणाली. आबिदानं त्याला ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं.

अँब्युलन्सवाल्यांनी हाताला सलाईन लावली, तोंडावर ऑक्सिजन ठेवला. इस्पितळात पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, तर आत रक्तच रक्त. बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढत होतं, तरी प्रेशर खालीच. स्कॅनला न्यायलाही सवड नव्हती. सर्जन हिंदीत म्हणाला की प्लीहा वाचवत बसलो तर माणूस जाईल.

थिएटरचं दार लागलं. आबिदा कुराणातल्या आयती पुटपुटत राहिली. मधेच शब्द चुकत, मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. आपण बाम चोळत बसलो, हे तिच्या डोक्यातून जाईना.

मन्सूर वाचला. पण प्लीहा गेली, आणि घरात भीती येऊन बसली. त्याला पुढच्या आठवड्यांत लशी टोचल्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं, की यापुढे साधा तापही साधा समजू नका. जंतूंशी लढणारा एक पहारेकरी कमी झालाय. ताप आला, थंडी वाजली, की वाट न बघता थेट इमर्जन्सी. काही तासांत होत्याचं नव्हतं होतं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी चहा पिता पिता मन्सूरच्या हातातला कप थरथरला. आबिदा बघतच राहिली. तो काही लपवेल, शाल ओढून कामावर जाईल, असं तिला वाटलं. त्यानं कप खाली ठेवला.

"आबिदा, थंडी वाजतेय मला. गाडी काढ."

ती चपला शोधत बसली नाही, तशीच गाडी इस्पितळाच्या रस्त्याला लावली. त्याच्या दातांची कडकड वाढत होती, आणि पुढचा सिग्नल लाल होता.