पत्रकात नसलेलं खातं

नवे व्यवस्थापक येणार असल्याचं पत्रक कारखान्यात लागलं, त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं. तिन्ही वेळा त्यात माझं खातं सापडलं नाही.

पलूसच्या बाजूला माळावर आमचा कारखाना होता. नांगर, पाण्याचे पंप, उसाचे चरक असा माल निघायचा. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि मालकांना कारखाना वाढवायचा होता. पत्रक हजेरीच्या खिडकीशेजारी डकवलं होतं. शिवाय वाचता न येणाऱ्यांसाठी खात्याखात्यांतून मोठ्यानं वाचून दाखवलं. नवे साहेब पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेले, रेल्वेच्या वर्कशॉपात बारा वर्षं काढलेले. पहिल्या तारखेपासून ओतशाळा, मशीनखातं आणि जोडणीखातं त्यांच्या हाताखाली. रजेची चिठ्ठी आणि मालाची मागणी त्यांच्या सहीनं. या खात्यांचे मुकादम आपापल्या जागी कायम. पगार आणि कामाच्या वेळा पूर्वीप्रमाणेच. शेवटी लिहिलं होतं, कोणीही घाबरण्याचं कारण नाही.

ते वाक्य वाचलं आणि मी घाबरलो.

मी पॅटर्नखात्याचा मिस्त्री. ओतीव भागाचा आधी लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि मग त्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. लोखंड थंड होताना आटतं, म्हणून नमुना थोडा मोठा ठेवावा लागतो. कुठे किती मोठा, हे आमच्या वाळूवर अन् आमच्या भट्टीवर मी वर्षानुवर्षं चुकत चुकत शिकलो होतो. सारं एका वहीत होतं आणि वही माझ्या पेटीत. आमच्या धंद्यात मिस्त्री आपली वही कोणाला दाखवत नाही. माझ्या उस्तादानं मला आठ वर्षं दाखवली नव्हती.

ओतशाळेचा मुकादम माझा जुना दोस्त. तो म्हणाला, "गड्या, तुझं नाव न्हाई म्हंजे तुला काढायचं ठरलंय. आमी कायम, तू न्हाईस."

मला ते पटलं, कारण मला ते पटवूनच घ्यायचं होतं.

साहेब आले. बारीक चणीचे, चष्मा, हळू बोलणारे. मऊ बोलणाऱ्या माणसाचा मला तेव्हा फार राग यायचा. आठवड्याभरात ते माझ्या खात्यात आले आणि म्हणाले की, आटण्याचे आकडे एका तक्त्यावर लिहून भिंतीला लावू, म्हणजे तुम्ही रजेवर असलात तरी काम अडणार नाही. मी मनात म्हटलं, आलं ध्यानात. आधी वही काढून घ्यायची, मग मला. मी मान डोलावली, घरी बसून सुबक अक्षरात तक्ता केला आणि त्यात चरकाच्या मोठ्या चाकाचे तीन आकडे कमी करून टाकले. माझ्यावाचून अडतं की नाही, ते कळू दे, एवढाच विचार होता.

पुढच्याच महिन्यात मी गावच्या जत्रेला गेलो. माघारी आलो तर ओतशाळेबाहेर चरकाची बारा चाकं पडलेली. जुना नमुना झिजला म्हणून माझ्या हाताखालच्या सुतारानं तक्त्याबरहुकूम नवा केला होता. चाकं लहान ओतली गेली. मशीनवर कातायला अंगावर लोखंडच उरलं नव्हतं. परवान्यावर मिळणारा कोळसा फुकट जळाला होता.

मालकांनी मला आणि साहेबांना बोलावलं. सांगलीचे मालक, आवाज कधी चढायचा नाही. त्या दिवशी चढला. आकडे कोणाचे, त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "तक्ता मी लावला. आधी एक चाक ओतून बघायला हवं होतं, ते मी केलं नाही. चूक माझी आहे."

मालकांनी त्यांना माझ्यासमोर नको नको ते सुनावलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला साधं चाक ओतून घेता येत नाही, असंही म्हणाले. साहेब ऐकून घेत होते.

बाहेर आल्यावर ते थांबले. "बाकीचे आकडे मी जुन्या नमुन्यांवर मोजून पाहिले. सगळे बरोबर आहेत. तीनच चुकलेत, तेही एकाच चाकाचे. मिस्त्री, मी तुमचं काय केलं होतं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पत्रकात आमच्या खात्याचं नाव न्हवतं, सायेब."

"ते मीच काढायला लावलं," ते म्हणाले. "या कामातलं मला कळत नाही, तुमच्यावर मला नेमू नका, असं मालकांना सांगितलं होतं."

एवढं बोलून ते ओतशाळेकडे गेले. त्याच पावली मालकांकडे जाऊन खरं सांगायला हवं होतं. खोलीचं दार उघडं होतं, मालक आत बसलेले दिसत होते. मी माझ्या खात्यात गेलो आणि कामाला लागलो. त्या माणसाच्या नावावर ती चूक राहिली ती कायमची, आणि मला त्याची आजही लाज वाटते.